चौघींचे एकच लीज आणि मुदतीआधी निघणारी एक

प्रश्न: आम्ही चार मैत्रिणी परदेशात शिकत आहोत आणि 1 सप्टेंबरपासून बारा महिन्यांसाठी एक अपार्टमेंट मिळून घेणार आहोत. एकूण भाडे दरमहा 2400, म्हणजे प्रत्येकी 600. मला मे महिन्यापासून इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरात जावे लागण्याची दाट शक्यता आहे. लीजमध्ये ‘जॉइंट अँड सेव्हरल लायबिलिटी’ असे कलम आहे, सबलेटसाठी घरमालकाची लेखी संमती लागते आणि मुदतीआधी सोडल्यास 60 दिवसांची नोटीस व दोन महिन्यांचे भाडे द्यावे लागेल असे लिहिले आहे. माझा संबंध फक्त माझ्या 600 शी आहे ना? आणि निघताना दोन महिन्यांचे 1200 भरले की मी मोकळी होईन ना?

उत्तर:

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. विद्यार्थ्यांची लीज सहीपूर्वी वाचून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे आणि या तीन कलमांचा गोंधळ बहुधा एकाच कारणाने होतो. विद्यार्थी ती सुटी सुटी वाचतात. प्रत्यक्षात पहिले कलम उरलेल्या दोन्ही कलमांचा अर्थ बदलून टाकते. म्हणून तीनही कलमे वाचताना एकच प्रश्न समोर ठेवावा: मी घर सोडल्यानंतर माझी जबाबदारी नेमकी कोणत्या कागदाने आणि कोणत्या तारखेला संपते?

सर्वप्रथम लीजच्या पहिल्या पानावरच्या दोन गोष्टी पाहा. ‘टेनंट’ या शब्दापुढे चारही नावे एकत्र आहेत का, आणि भाड्याच्या रकान्यात 2400 लिहिले आहे की 600? चार नावे आणि 2400 असा मेळ असेल, तर घरमालकाच्या दृष्टीने तुम्ही चौघी मिळून एकच भाडेकरू आहात. प्रत्येकी 600 ही वाटणी तुमच्या आपसांतली आहे आणि घरमालक तिला बांधलेला नाही. ‘जॉइंट अँड सेव्हरल’, म्हणजे संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारीचा अर्थ असा की थकलेली पूर्ण रक्कम तो चौघींपैकी कोणा एकीकडून, काहींकडून किंवा सर्वांकडून मागू शकतो आणि आधी कोणाकडे मागायची हे तोच ठरवतो. याउलट, खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या बऱ्याच इमारतींत खाटेनुसार किंवा खोलीनुसार वेगळे लीज मिळते. तेथे प्रत्येकीचा करार स्वतंत्र असतो आणि शेजारच्या खोलीचे भाडे थकले तरी ते तुमच्या माथी येत नाही. मात्र स्वयंपाकघर, बैठकीची खोली अशा सामाईक जागेचे नुकसान कोणी केले हे कळले नाही, तर ते सर्वांत वाटले जाईल असे कलम अशा लीजमध्येही सहसा असते.

तुमच्या आकड्यांत याचा परिणाम काय होईल ते पाहू. समजा, 30 एप्रिलला तुम्ही किल्ली मैत्रिणींकडे देऊन निघालात आणि भाडे देणे थांबवले. 1 मे रोजी तिघींनी आपापले 600 भरले, म्हणजे घरमालकाच्या खात्यात 1800 जमा झाले. हिशेबात हे तीन पूर्ण हप्ते ठरत नाहीत, तो एक अपुरा हप्ता ठरतो. विलंबशुल्क संपूर्ण घरावर लागते, थकबाकीची नोटीस चारही नावांनी निघते आणि प्रकरण घर खाली करून घेण्याच्या दाव्यापर्यंत गेले, तर वेळेवर पैसे भरणाऱ्या तिघींची नावेही त्या दाव्यात येतात. पुढच्या घराच्या अर्जाच्या वेळी भाडेकरूंची पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थांना अशी नोंद सापडू शकते. आता उलट बाजू पाहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणखी दोघी निघून गेल्या आणि चौथीला एकटीला भाडे झेपले नाही, तर मे ते ऑगस्ट या चार महिन्यांची 9600 पर्यंतची रक्कम घरमालक तुमच्याकडेही मागू शकतो. तुमची खोली तुम्ही चकाचक करून रिकामी केली होती, हा त्यावर बचाव होत नाही. ज्या मैत्रिणीने आपल्या हिश्श्यापेक्षा अधिक भरले, तिला ते जादा पैसे इतरांकडून वसूल करण्याचा हक्क साधारणपणे असतो. पण त्यासाठी तिला स्वतःच मागे लागावे लागते आणि त्या भांडणात घरमालक पडत नाही.

अनामत रकमेचेही तसेच आहे. ती एका घरासाठी घेतलेली एकच अनामत असते, त्यामुळे एक भाडेकरू मध्येच गेली म्हणून घरमालक तिचा चौथा हिस्सा परत देत नाही. ऑगस्टअखेर घर खाली झाल्यावर उरलेली रक्कम बहुधा सर्वांच्या नावाने एकत्र मिळते आणि तोपर्यंत कोणीतरी गालिच्यावर पाडलेला डाग तुमच्याही पैशांतून वजा झालेला असतो.

हमीदाराचे पत्र मात्र स्वतंत्रपणे आणि शांतपणे वाचा. परदेशी विद्यार्थ्याला स्थानिक उत्पन्न किंवा पतइतिहास नसल्यामुळे तिथल्या एखाद्या नातेवाइकाला हमीदार म्हणून सही करायला सांगितले जाते. त्या पत्रात ‘लीजखालील सर्व देणी’ असे शब्द असतील, तर तुमच्या मामांनी नकळत तुमच्या तिन्ही मैत्रिणींच्या भाड्याचीही हमी घेतलेली असते. ‘हमी दरमहा 600 पर्यंत आणि 31 ऑगस्टपर्यंतच्या मूळ मुदतीपुरती’ अशी मर्यादा लेखी मागावी. काही घरमालक ती देतात, काही देत नाहीत, पण सहीनंतर ती जवळपास कधीच मिळत नाही.

आता सबलेट, म्हणजे पोटभाड्याचे कलम. सबलेट केले की आपण सुटलो अशी समजूत फार पसरलेली आहे. सबलेटमध्ये तुमचे लीज तसेच राहते आणि त्याच्या खाली दुसरा करार तयार होतो. पोटभाडेकरू तुम्हाला भाडे देते आणि तुम्ही घरमालकाला बांधील राहता. तिने जून-जुलैचे पैसे दिले नाहीत, दार तोडले किंवा ऑगस्टअखेर घर सोडण्यास नकार दिला, तर घरमालक तुम्हाला, आणि पहिल्या कलमामुळे तुमच्या मैत्रिणींनाही, जबाबदार धरतो. शिवाय विद्यापीठाच्या परिसरात नेमक्या मे ते ऑगस्ट याच काळात खोल्या रिकाम्या पडतात, त्यामुळे पूर्ण 600 देणारी व्यक्ती मिळेलच असे नाही. 450 देणारी मिळाली, तर चार महिन्यांत 1800 वसूल होतील आणि 600 तुमच्या खिशातून जातील. हा तोटा मुळीच भाडे न मिळण्यापेक्षा कमीच आहे, म्हणून सबलेट वाईट आहे असे मी म्हणत नाही. तुमची जबाबदारी त्याने संपत नाही, एवढे मात्र पक्के लक्षात ठेवा.

संमतीचा भाग स्थळानुसार बराच बदलतो. अमेरिकेतील टेक्सासचा कायदा सांगतो की घरमालकाच्या पूर्वसंमतीशिवाय भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही, मग लीज त्याबद्दल गप्प असले तरीही. न्यूयॉर्क राज्यात चार किंवा अधिक घरांच्या इमारतीतील भाडेकरूने ठरलेल्या पद्धतीने पोचपावतीसह सर्टिफाइड मेलने विनंती केली, तर घरमालक विनाकारण नकार देऊ शकत नाही, आणि त्याने 30 दिवसांत उत्तर दिले नाही तर ती संमती समजली जाते. म्हणजे लीजमधले ‘लेखी संमती आवश्यक’ हे एकच वाक्य एका ठिकाणी पूर्ण मनाई ठरू शकते आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ एक प्रक्रिया. तुमचे घर ज्या राज्यात किंवा देशात आहे, तेथील नियम विद्यापीठाच्या विद्यार्थी विधी साहाय्य कार्यालयात विचारावा. अशी सोय अनेक विद्यापीठांत विनामूल्य असते आणि दुर्दैवाने विद्यार्थी तेथे सहीनंतरच पोहोचतात.

संमती फक्त घरमालकाची पुरत नाही, हेही पाहा. संयुक्त लीजमध्ये चौघींचा संपूर्ण घरावर सारखाच हक्क असतो. खोल्या वाटून घेतल्या असल्या तरी कागदावर ‘तुमची खोली’ असे काही नसते, म्हणून बहुतेक घरमालक सबलेटच्या अर्जावर इतर तिघींच्याही सह्या मागतात. परवानगी मिळेपर्यंत पाहुणी म्हणून कोणाला ठेवावे ही युक्ती सर्वांना सुचते. पण लीजमधले पाहुण्यांचे कलम काढून वाचा. त्यात बहुधा 7 किंवा 14 दिवसांची मर्यादा असते आणि ती ओलांडली की ती व्यक्ती विनापरवाना रहिवासी ठरते, आणि हा करारभंग पुन्हा चौघींच्या नावावर नोंदला जातो.

तिसरे कलम म्हणजे मुदतीआधी सोडण्याचे शुल्क. येथे तुमचा हिशेब दोन ठिकाणी चुकला आहे. ‘दोन महिन्यांचे भाडे’ म्हणजे लीजवर लिहिलेले भाडे, म्हणून ती रक्कम 1200 होत नाही, 4800 होते. शिवाय हे शुल्क भरल्यावर संपूर्ण लीज संपते. एका व्यक्तीने भरून फक्त स्वतःला सोडवून घेण्याची सोय त्या कलमात सहसा नसते आणि नोटिसीवर चौघींच्या सह्या लागतात. जर्मनीसारख्या देशात तर कायद्यानेच संयुक्त भाडेकरूंपैकी एकटीला नोटीस देऊन आपल्यापुरता करार संपवता येत नाही. तुमचा उरलेला हिस्सा चार महिन्यांचा, म्हणजे 2400 आहे. त्यापासून सुटण्यासाठी 4800 भरणे म्हणजे दुप्पट भुर्दंड, आणि तोही मैत्रिणींना घराबाहेर काढून.

हे कलम उपयोगी पडते ते चौघीही निघणार असतील तेव्हा, आणि तेव्हाही तारीख फार महत्त्वाची ठरते. 1 मार्चच्या सुमारास नोटीस दिली, तर 60 दिवस एप्रिलअखेर संपतात. मे ते ऑगस्टचे 9600 वाचतात, शुल्काचे 4800 जातात आणि प्रत्येकीचे निव्वळ 1200 वाचतात. तीच नोटीस 1 मे रोजी दिली, तर नोटीसकाळातील मे-जूनचे भाडे 4800 आणि शुल्क 4800 मिळून बरोबर 9600 होतात. म्हणजे घर जून अखेरीस सोडूनही एक पैसा वाचत नाही. नोटीसकाळ आणि शुल्क यांची बेरीज उरलेल्या भाड्याएवढी झाली, की ते कलम तुमच्यासाठी निरुपयोगी झाले असे समजावे.

त्यानंतर शुल्काचे नाव काय आहे ते पाहा, कारण एकसारख्या दिसणाऱ्या दोन आकारण्या असतात. एक असते बाय-आउट: नोटीस द्या, रक्कम भरा, पुढची जबाबदारी संपली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात असे शुल्क दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असू शकत नाही आणि भाडेकरूने सहीच्या वेळी वेगळ्या जोडपत्रावर तो पर्याय निवडलेला असावा लागतो. दुसरी असते रीलेटिंग फी. टेक्सासमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या छापील लीजमध्ये ती बहुधा एका महिन्याच्या भाड्याच्या 85 टक्के असते आणि ती नवा भाडेकरू शोधण्याच्या खटपटीची भरपाई असते. ती भरली तरी नवा भाडेकरू येईपर्यंतचे भाडे चालूच राहते. कलमात ‘ही रक्कम भरल्यावर पुढील भाड्याची जबाबदारी संपेल’ असे वाक्य स्पष्टपणे नसेल, तर ते बाय-आउट आहे असे गृहीत धरू नका. शुल्काच्या कलमाच्या आसपास सवलत परत घेण्याचेही एक कलम कधी कधी लपलेले असते. पहिला महिना मोफत म्हणून दिला असेल, तर मुदतीआधी निघाल्यास तो महिना वसूल केला जातो आणि ती रक्कम शुल्काच्या वर लागते.

येथे कोणीतरी तुम्हाला सांगेल की घरमालकाला नुकसान कमी करण्याचा प्रयत्न करावाच लागतो, म्हणून घाबरू नका. टेक्सासमध्ये आणि 2019 पासून न्यूयॉर्कमध्येही कायदा तसे सांगतो, आणि लीजमधील कलमाने तो हक्क काढून घेता येत नाही. पण हा नियम रिकाम्या झालेल्या घराला लागतो. तुमच्या तिघी मैत्रिणी तेथे राहत असताना घर रिकामे झालेलेच नाही, मग घरमालकाने ते दुसऱ्याला भाड्याने द्यायचे तरी कसे? संयुक्त लीजमधून एकटीने निघणाऱ्या व्यक्तीला या नियमाचा जवळजवळ काहीच आधार मिळत नाही, आणि ही गोष्ट माहितीपत्रकांत क्वचितच सांगितलेली असते.

मग तुमच्या स्थितीत खरी सुटका कशाने होईल? बदली भाडेकरू आणून लीजमध्ये फेरबदल करून घेण्याने. तुमच्या जागी आलेली व्यक्ती घरमालकाशी थेट करार करते, उरलेल्या तिघी त्याला मान्यता देतात आणि घरमालक तुम्हाला लेखी मुक्त करतो. यातला शेवटचा भाग अनेकदा गळतो. लीज दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित झाले तरी घरमालकाने मुक्त केल्याचे लिहून दिल्याशिवाय मूळ भाडेकरू मागे हमीदारासारखी अडकलेली राहू शकते. इंग्लंडमध्ये अशा बदलासाठी घरमालक साधारणपणे 50 पौंडांपर्यंतच आकारू शकतो आणि त्याहून अधिक घ्यायचे तर प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च दाखवावा लागतो. इतरत्र ही रक्कम लीजवर अवलंबून असते, म्हणून तीही आधीच ठरवून घ्यावी.

त्यामुळे ‘सही करू का’ असे मनात असेल, तर माझे मत असे की आहे त्या मजकुरावर करू नका, कारण मे महिन्यात निघण्याची शक्यता तुम्हाला आजच माहीत आहे. सहीपूर्वी घरमालकाला पुढील आशयाचे जोडपत्र मागा. भाषा त्याच्या लीजला साजेशी असावी, पण आशय गळू देऊ नये:

“कोणतीही एक भाडेकरू 30 दिवसांची लेखी नोटीस देऊन आपल्या जागी बदली भाडेकरू सुचवू शकेल. सुचवलेली व्यक्ती मूळ भाडेकरूंना लावलेल्या निकषांत बसत असल्यास घरमालक विनाकारण संमती नाकारणार नाही. फेरबदलावर सर्वांच्या सह्या झाल्यावर जाणारी भाडेकरू व तिची हमीदार त्या तारखेनंतर उद्भवणाऱ्या सर्व देण्यांतून मुक्त होतील. अनामतीतील तिचा हिस्सा नव्या भाडेकरूच्या नावे नोंदवला जाईल.”

लीजिंग ऑफिसमधील व्यक्ती कदाचित हसून म्हणेल की हे आम्ही नेहमीच करतो, लिहायची गरज नाही. ती खरेही बोलत असेल. पण लीजच्या शेवटच्या पानावर ‘हाच संपूर्ण करार’ अशा अर्थाचे एक कलम बहुतेक वेळा असते आणि त्यामुळे तोंडी आश्वासनांना किंमत उरत नाही, शिवाय मे महिन्यापर्यंत ती व्यक्ती नोकरी सोडून गेलेली असू शकते. जोडपत्राला नकार आला, तर किमान ईमेलवर उत्तर घ्या, किंवा खाटेनुसार लीज देणाऱ्या इमारती आणि नऊ महिन्यांची मुदत देणारे घरमालक पाहा. यांपैकी काहीच जमले नाही आणि मैत्रिणींसोबतच राहायचे असेल, तर मे ते ऑगस्टचे तुमच्या हिश्श्याचे 2400 हा या निर्णयाचा अपेक्षित खर्च धरा आणि तो परवडत असेल तरच सही करा.

घरमालक काहीही म्हणो, चौघींनी आपसांत एक पानाचा करार लिहावा. त्यात प्रत्येकीचा हिस्सा, अनामतीतली रक्कम, वीज व इंटरनेटचे खाते कोणाच्या नावावर आहे, आणि कोणी आधी निघाल्यास बदली कोण शोधेल व ती मिळेपर्यंत कोण भरेल हे असावे. या कागदाने घरमालक बांधला जात नाही, पण एकीने दुसरीचे पैसे भरले तर ते मागण्यासाठी हाच पुरावा असतो. बदली भाडेकरूने अनामतीतला तुमचा हिस्सा थेट तुम्हाला द्यावा आणि त्या दिवशीच्या खोलीचे फोटो दोघींनी जपून ठेवावेत, म्हणजे ऑगस्टमधील कपातीवरून तुमच्याशी वाद उरत नाही.

शेवटी मुक्ततापत्र हातात आल्यावर त्यात चार गोष्टी तपासा: तुमचे पूर्ण नाव व घराचा पत्ता, मुक्तीची तारीख, त्या तारखेपर्यंतची बाकी शून्य असल्याचा उल्लेख, आणि नूतनीकरण किंवा वाढीव मुदतीची जबाबदारी तुमच्यावर येणार नाही असे वाक्य. हे शेवटचे वाक्य मुद्दाम सांगतो आहे, कारण मुक्ततापत्र नसताना उरलेल्या तिघींपैकी एखादी 31 ऑगस्टनंतरही घरात राहिली, तर त्या वाढीव काळाचे भाडे मूळ लीजवरील सर्व नावांवर मागितले जाऊ शकते. पत्रावर घरमालकाची किंवा अधिकृत प्रतिनिधीची सही नसेल आणि फक्त ‘नोंद घेतली’ असे उत्तर आले असेल, तर ते मुक्ततापत्र समजू नये आणि सही मिळेपर्यंत तुमचा हिस्सा भरत राहावा.